कृपया दहा मिनिटे आधी यावे

माझी वहिनी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. पेशंटना जाणारे सगळे मेसेज तीच लिहिते. "आपली वेळ उद्या साडेदहाची आहे. कृपया दहा मिनिटे आधी यावे. दुखत असल्यास कळवावे." काम चोख, भाषा इस्त्री केलेली. अडचण एवढीच, की दादा गेल्यापासून तिला दुसऱ्या कुठल्याच भाषेत मेसेज लिहिता येईनासा झाला. मी घरी उशिरा येणार असं कळवलं की उत्तर यायचं, "नोंद घेतली आहे." घरात आम्ही दोघीच. आपल्याच घरात शिरताना मला फाइल दाखवावी लागेल की काय असं वाटायचं.

हीच बाई एकेकाळी काय लिहायची! दादा रस्त्याच्या कामांवर असायचा, महिनोन् महिने बाहेर. बटणांचे फोन होते तेव्हा. एकेका अक्षरासाठी तेच बटण तीनतीनदा दाबायला लागायचं, आणि तरीही वहिनी असं काही लिहायची की दादाला तिकडे जेवताजेवता ठसका लागायचा. सुट्टीवर घरी आला की समोर बसलेल्या बायकोचा जुना मेसेज काढून वाचायचा आणि पुन्हा ठसकायचा. आई त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणायची, "अगं, त्याचं जेवण होईपर्यंत तरी थांबत जा." त्या मेसेजांत काय असायचं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी धाकटी, त्यामुळे विचारायची सोय नव्हती, आणि आईला विचारायची इच्छा नव्हती.

मी गाडी शिकवते. माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. नवशिक्यांचा मला त्रास होत नाही. वात आणतात ते लायसन्स खिशात ठेवून वर्षानुवर्षं गाडीला हात न लावलेले. त्यांना सगळं येत असतं. हाताला आठवतं, पायाला आठवतं, पण मागून हॉर्न वाजला की माणूस गोठतो. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या धंद्याचा हात आहे आणि त्याचं थोडं श्रेय मी घेणार आहे.

तर, मासेवाले. म्हणजे दवाखान्यात भिंतीला लागून काचेची मोठी टाकी होती, तिची देखभाल करणारे गृहस्थ. एकटे, वहिनीच्याच वयाचे. पँट दुमडून, बादली आणि नळी घेऊन यायचे, काच पुसायचे, पाणी बदलायचे. माणसांशी कमी आणि माशांशी जास्त बोलायचे. दाढ काढायला आलेले लोक भीती विसरून त्यांच्याकडे बघत बसायचे. पाण्याचा हीटर बिघडला तेव्हा त्यांनी वहिनीचा नंबर घेतला, आणि हीटर दुरुस्त झाल्यावरही एकदा मेसेज केला: "त्या चपट्या पिवळ्याचा मूड कसा आहे आज? काल माझ्यावर रुसला होता."

वहिनीने उत्तर दिलं, "मासा व्यवस्थित आहे. धन्यवाद."

तिने मला हे अभिमानाने दाखवलं. वेळेत उत्तर दिलं म्हणून! मी कपाळावर हात मारला. "वहिनी, माणूस तुझ्याशी बोलायला आला होता आणि तू त्याला पावती फाडून दिलीस."

"मग काय लिहायचं होतं? मासा व्यवस्थितच होता."

तरी ते भले गृहस्थ अधूनमधून लिहीत राहिले आणि ही पावत्या फाडत राहिली. हळूहळू त्यांचे मेसेज कमी झाले. मला वाटलं, विषय संपला. मग एके संध्याकाळी वहिनी घरी आली आणि मटार सोलायला बसली. दाणे सालांच्या ढिगात टाकत होती आणि सालं पातेल्यात.

"डॉक्टरबाई टाकी काढतायत," ती म्हणाली. "तिथे टीव्ही लावणार. महिनाअखेरीला मासे जाणार."

"आणि मासेवाले?"

"तेही." तिने आणखी एक साल पातेल्यात टाकलं. "आज जाताना म्हणाले, टाकी गेली तरी माझा नंबर तोच राहणार आहे. कधी वाटलं तर लिहा."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं. धन्यवाद."

मी पातेलं तिच्या पुढ्यातून ओढून घेतलं. चिडणारच होते, पण तिचा चेहरा बघितला आणि दाणे-सालं वेगळी करायला लागले. वहिनी रडत नव्हती. हुशार मुलीला परीक्षेत अगदी साधं उत्तर आठवू नये, तशी ती बसली होती.

"मला लिहायचंय गं त्यांना," ती म्हणाली. "खरंच लिहायचंय. फोन हातात घेते आणि काही सुचतच नाही. सुचलं तर वाटतं, हे काय, आपलं वय काय. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं तसंच राहतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं तर? कुणाला दाखवलं तर?" आणि मग हळूच, "ठमे, तुला चालेल ना? तू त्याची बहीण आहेस."

ठमी मी. या घरात मला या नावाने हाक मारणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

मला बरं वाटलं का? खरं सांगते, आधी नाही. दादाची खुर्ची, दादाचा ठसका, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली, की या घरात मेसेज वाचून कुणी हसल्याला किती वर्षं झाली. मी म्हटलं, "मला चालेल. तुला मात्र अजून चालवता येत नाहीये, त्याचं बघू. उद्यापासून शिकवणी."

माझी पद्धत एकच आहे. लायसन्सवाल्या गोठलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हमरस्त्यावर नेत नाही. आधी मोकळं मैदान. तिथे आपटायला काही नसतं.

वहिनीचं मोकळं मैदान म्हणजे तिची थोरली बहीण. हुकूम असा: रोज तिला एक मेसेज करायचा, ज्यात कामाचं काहीही नसेल. दिवसभरात नजरेला पडलेली एकच गोष्ट, एका वाक्यात. "कृपया" नाही, "धन्यवाद" नाही, "कळावे" तर मुळीच नाही. लिहून झालं की एकदा वाचायचं आणि पाठवायचं. दुसऱ्यांदा वाचलं की खोडायचा मोह होतो, म्हणून दुसरं वाचन बंद.

पहिला मेसेज लिहायला तिला अख्खा चहा लागला. "आज बसमध्ये एका गृहस्थांच्या पिशवीतून लांब पाव बाहेर डोकावत होता आणि शेजारची बाई त्याचा तुकडा मोडून खात होती. त्यांना पत्ता नव्हता." मी म्हटलं, झकास, पाठव. तिने पाठवला, आणि सवयीने लगेच खाली दुसरा टाकला: "आपल्या माहितीसाठी."

ताईचा फोन आला, घाबराघुबरा. "काय गं, बरी आहेस ना? कुठल्या बाईने काय खाल्लं?"

मी हसून हसून सोफ्यावर आडवी झाले. वहिनी आधी चिडली, मग तीही हसली, आणि ताईला ती पावाची गोष्ट तिने फोनवर इतकी रंगवून सांगितली की मला कळलं, इंजिन उत्तम आहे, फक्त थंड पडलंय. दुसऱ्या दिवशी तिने ताईला दुकानातल्या मांजरीबद्दल लिहिलं, तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आरशाकडे बघून दात तपासणाऱ्या माणसाबद्दल. ताईने घाबरणं सोडलं आणि उलट मेसेज टाकायला लागली.

मग गल्ली. म्हणजे समोरून गाडी येते तेव्हा काय करायचं ते. वहिनी पहिला मेसेज लिहायला शिकली होती, पण उत्तर आलं की अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी. यासाठी मी आतल्या खोलीत बसायचे आणि ती स्वयंपाकघरात, आणि भिंतीपलीकडून आम्ही एकमेकींना मेसेज करायचो. समोरच्याच्या वाक्यातली एक गोष्ट उचलायची, तिला आपली एक जोडायची, आणि वाटलं तर एक सोपा प्रश्न विचारायचा. सोपा म्हणजे ज्याचं उत्तर द्यायला माणसाला उठून कपाट शोधावं लागत नाही. "तुमचं आयुष्याबद्दल मत काय" नाही. "मग तुम्ही त्याला पैसे परत दिलेत का?" असा.

मी लिहिलं, "आज एका विद्यार्थ्याने गाडी कचराकुंडीवर घातली."

तिचं उत्तर आलं, "कुंडीला लागलं का?"

मी आतून ओरडले, "शाब्बास!" तर ती बाहेरून, "मेसेजवर सांग, हे नियमात बसत नाही."

सगळ्यांत अवघड होतं थांबणं. पाठवल्यावर वहिनी फोनकडे अशी बघत राहायची, जणू दूध उतू जाणार आहे. उत्तर आलं नाही की मनातल्या मनात खटला चालवून स्वतःला शिक्षाही देऊन टाकायची. त्यावर उपाय मी विद्यार्थ्यांवरून शिकलेले नाही, तो वहिनीचाच. पाठवलं की फोन ड्रॉवरमध्ये, आणि लगेच हात भरतील असं काम काढायचं. तिने बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदलायला घेतली. चिखलाने माखलेल्या हातांनी फोन धरता येत नाही. त्या काळात आमची झाडं फार सुधारली. हात धुऊन येईपर्यंत बहुतेक वेळा उत्तर आलेलं असायचं, आणि नसलं तरी दरम्यान काही कोसळलेलं नसायचं. "बहुतेक लोक त्या वेळी बाथरूममध्येच असतात," असा निष्कर्ष तिने काढला.

चिडवण्याचा सराव शाळेतल्या मैत्रिणीवर झाला. त्यात एकच पथ्य. माणूस ज्याबद्दल मिरवतो त्यावरून चिडवायचं, जिथे दुखतं तिथे बोट लावायचं नाही. हे मला वहिनीला सांगावं लागलं नाही. दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला कुठे दुखतं ते समजतंच.

मग एका दुपारी, मला न विचारता, तिने मासेवाल्यांना मेसेज केला. टाकी जायला अजून थोडे दिवस होते. चपट्या पिवळ्याचा फोटो आणि खाली ओळ: "आज एका पेशंटकडे टक लावून बघत होता. पेशंट दाढ न काढताच घरी गेला. तुम्ही याला काय शिकवलंय?" पाठवून ती दातांचे साचे धुवायला गेली. परत आली तर उत्तर होतं: "मी त्याला फक्त संयम शिकवला. नजर त्याची स्वतःची." आणि खाली, "तुमचा मेसेज बघून बरं वाटलं. खूप."

घरी येऊन तिने ते मला दाखवलं. त्या "खूप"वर तिचं बोट होतं. मी म्हटलं, "आता पुढचा धडा. त्यांची आवडलेली एक नेमकी गोष्ट सांगायची. मोठी विशेषणं नकोत. 'तुम्ही फार छान आहात' हे कुणीही कुणालाही लिहितं. आणि सांगून सोडून द्यायचं, परत काही मागायचं नाही."

इथे वहिनी घसरली. कशी घसरली ते ऐका, कारण अशी घसरायला वहिनीच हवी.

स्वतःच्या फोनवर मनातलं लिहिताना ती अजून अडखळायची. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून, दवाखान्याच्या नंबरवरून लिहिताना मात्र ती राणी असते. रोज शेकडो लोकांना "यावे", "जावे", "चूळ भरावी" असं ठणकावून सांगते. तिने विचार केला, तिथूनच लिहून टाकू, अडखळणार नाही. मासेवाल्यांचं नाव त्या यादीतही होतंच. जेवणाच्या सुट्टीत तिने लिहिलं: "तुमचं हसू मला फार आवडतं. काल दिवसभर आठवत होतं." एकदा वाचलं, नियमाप्रमाणे, आणि पाठवलं.

नियमात मी एक गोष्ट घालायची राहून गेली होती, की वाचताना वर कुणाचं नाव आहे तेही वाचावं. तो मेसेज गेला यादीतल्या वरच्या माणसाला. निवृत्त बस कंडक्टर, वय झालेले, आदल्याच आठवड्यात नवी कवळी बसवून गेलेले.

वहिनीने मला फोन केला तेव्हा मी गाडीत होते, शेजारी विद्यार्थी. तिचा आवाज इतका बारीक होता की मी माझ्याकडचा ब्रेकच दाबला. "ठमे, मी राजीनामा देते. आत्ताच देते. आजोबांना गेला. दवाखान्याच्या नावाने गेला. त्यांची बायको येईल इथे."

"पुसून टाक की!"

"वाचलाय त्यांनी. उत्तर लिहितायत. लिहितायत असं दिसतंय. अजून लिहितायत. हळू लिहितात गं ते!"

मी विद्यार्थ्याला गाडी कडेला घ्यायला लावली आणि आम्ही दोघींनी, खरं तर विद्यार्थ्यानेही, श्वास रोखून वाट बघितली. मग वहिनीने वाचून दाखवलं:

"डॉक्टरांचे आणि आपले मनापासून आभार. नवीन दात लावल्यापासून घरात कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. मेसेज बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, खरं आहे. आज आम्ही फोटो काढला. ता.क. डावीकडे वर जरा टोचतं."

मग फोनवर एक आवाज आला जो मी ओळखलाच नाही. वहिनी हसत होती. तोंड दाबून नाही, रिसेप्शनची बाई हसते तसं नाही. पार पोटातून, धापा टाकत. मागे डॉक्टरबाईंचा आवाज, "काय झालं हो? कुणाचं काय दुखतंय?" आणि वहिनी म्हणाली, "कुणाचं काही नाही, मॅडम. डावीकडे वर जरा टोचतंय." माझा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, तुम्ही रडताय का?" मी त्याला गिअर टाकायला सांगितलं.

त्या संध्याकाळी वहिनी वेगळीच होती. कांदा चिरता चिरता म्हणाली, "जे होऊ नये म्हणून मी घाबरत होते ना, ते सगळं झालं. चुकीच्या माणसाला, चुकीच्या नंबरवरून, तेही असलं वाक्य. आणि काय झालं? एका म्हातारीने नवऱ्याकडे चष्मा लावून बघितलं."

"आणि कवळी घासायला यावं लागणार."

"उद्या साडेदहाची वेळ दिलीय," ती म्हणाली. "दहा मिनिटे आधी."

टाकी महिनाअखेरीला गेली. मासेवाले आले, एकेक मासा पाण्याच्या पिशवीत घेतला. वहिनीला काही बोलायचं होतं, पण तेव्हाच बाकावर सगळी गर्दी, फोन वाजतोय, कुणाचं मूल रडतंय. ते दारात क्षणभर थांबले, हातातली पिवळ्याची पिशवी त्यांनी थोडी वर केली, आणि गेले. भिंतीवर टाकीच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला.

त्यानंतर त्यांचा मेसेज नाही. येणारही नव्हता. त्यांनी आपलं म्हणणं आधीच सांगून ठेवलं होतं आणि ते मागे लागणारे नव्हते. आता लिहिलं तर वहिनीने लिहायचं, नाहीतर हा माणूस तिच्या आयुष्यातून बादली घेऊन निघून गेला होता. भेटायला ना निमित्त उरलं होतं, ना हीटर.

मी तिच्यासाठी एक मेसेज तयार केला. त्यात संध्याकाळ होती, रिकामी भिंत होती, आणि मनाच्या पाण्यात पोहणारे आठवणींचे मासे होते. वाचून दाखवला. वहिनीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. पण हे पाठवलं तर त्यांना वाटेल माझा फोन चोरीला गेला."

मला राग आला, मी कबूल करते. इतक्या मेहनतीने मासे पोहवले होते. पण तिने स्वतःचा फोन घेतला, दवाखान्याचा नाही, आणि टेबलाशी बसली. दादाच्या खुर्चीवर. त्या खुर्चीवर ती एरवी बसत नाही. लिहिताना तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात एक हसू येत होतं, आणि ते मी ओळखलं. बटणांच्या फोनच्या काळातलं होतं ते. लिहून झालं. एकदा वाचलं. वरचं नावही वाचलं. मग फोन माझ्याकडे फिरवला:

"आपणास कळविण्यात येते की टाकी गेल्यापासून आमच्या भिंतीकडे कोणी बघत नाही. मी बघते, आणि मला तुमची आठवण येते. रविवारी संध्याकाळी पाचची वेळ रिकामी आहे, तळ्याकाठच्या कॉफीच्या दुकानात. येणे जमत नसल्यास निःसंकोच सांगावे, वाईट वाटून घेणार नाही. जमत असल्यास कृपया दहा मिनिटे आधी यावे, कारण मी वीस मिनिटे आधी येणार आहे."

मी दोनदा वाचलं. माझ्यासाठी नियम नव्हता. इतके दिवस मी तिची ती भाषा काढून टाकायच्या मागे लागले होते, आणि तिने तीच अंगावर घेऊन, बाह्या सरसावून, माणसाच्या थेट काळजापर्यंत नेली होती. जागा नेमकी, वेळ नेमकी, नाही म्हणायला दार उघडं, आणि मधोमध ते एक वाक्य, सरळ, कुठेही न लपलेलं. हे मी शिकवलं नव्हतं. माझा ऊर असा भरून आला की मला दुसरं काही सुचेना, मी तिच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या थापेने तिचा अंगठा बटणावर पडला.

"गेला," वहिनी म्हणाली.

"बरं झालं. नाहीतर दुसऱ्यांदा वाचला असतास."

"मी पाठवणारच होते गं, ढकलायची काही गरज नव्हती." फोन ड्रॉवरमध्ये गेला. कुंड्या सगळ्या भरून झाल्या होत्या, म्हणून तिने माझ्या बुटांना पॉलिश करायला घेतलं, मग स्वतःच्या, मग दादाचे जपून ठेवलेले होते, त्यांनाही. ते करताना ती काहीतरी पुटपुटली. त्याच्याशी बोलत होती की बुटांशी, मी विचारलं नाही. मी शेजारी बसून ब्रश देत राहिले.

हात काळे झालेले असतानाच ड्रॉवरमध्ये फोन वाजला. वहिनी उठली नाही. आधी तिसरा जोड पूर्ण केला, हात धुतले, पुसले, आणि मग गेली. मी मागोमाग. तिने वाचलं आणि मला वाचून दाखवलं:

"वेळ निश्चित समजावी. दुखत नाही, पण भीती वाटते. काही सोय आहे का?"

आणि वहिनीने तिथल्या तिथे, उभ्याउभ्या, एकदाही न थांबता उत्तर लिहिलं आणि पाठवलं.

"काय लिहिलंस? दाखव."

तिने फोन छातीशी धरला. "मॅडम, तुमच्याकडचा पाय उचला."

हे माझंच वाक्य. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मी विद्यार्थ्यांना दाखवून माझा पाय ब्रेकवरून बाजूला घेते, त्यांना कळावं म्हणून की आता गाडी त्यांची. आजवर समोरून कुणी ते मला सांगितलं नव्हतं. मी खोटा राग दाखवत बाजूला झाले. आत जाऊन मात्र एकटीच हसत बसले.

रविवारी ती निळा स्वेटर घालून गेली, भलतीच लवकर. मी घरात फिरत होते. बूट पुसले, पुसलेले बूट पुन्हा पुसले. पाच वाजले, साडेपाच झाले. वाट बघण्याबद्दल आम्ही दोघी जे जे शिकलो होतो त्यातलं काहीही माझ्या कामी येत नव्हतं. शेवटी मीही एक कुंडी उकरायला घेतली, आणि नेमके हात मातीत असताना फोन वाजला. मी मातीच्याच हातांनी उचलला. वहिनीचा मेसेज होता, भला मोठा.

"समोरासमोर बसलो आणि दोघेही गप्प. ते कपाकडे बघतायत, मी तळ्याकडे. तळ्यात मासे आहेत का एवढं विचारून झालं. मग मी टेबलाखाली फोन धरून त्यांना मेसेज केला: आपला नंबर आला आहे, कृपया आत यावे. त्यांनी फोन काढला, घोट घेतला आणि वाचला."

खाली आणखी एक ओळ यायची होती. लिहितेय, लिहितेय, असं दिसत राहिलं. मी श्वास रोखून उभी होते.

मग ती आली.

"ठमे, ठसका लागला त्यांना!"

मी त्या मातीच्या हातांनीच डोळे पुसले आणि चेहऱ्याचं पार मैदान करून घेतलं. मग तिला उत्तर लिहिलं, एकदाच वाचलं आणि पाठवलं: "नोंद घेतली आहे. पाठीवर थापट."